लिस्टिंगमध्ये नंबर चुकून माझा छापलाय, एकच माणूस सारखा फोन करतो. काय करू?

प्रश्न: एका दुकानाच्या ऑनलाइन लिस्टिंगमध्ये चुकून माझा मोबाईल नंबर पडलाय. एक अनोळखी माणूस रोज फोन करतो, राँग नंबर सांगितलं तरी परत करतो. ब्लॉक करू का? अजून काय करता येईल?

उत्तर:

सगळ्यात आधी त्याला "राँग नंबर" म्हणणं बंद करा. मला हे कळायला दीड महिना लागला म्हणून सांगते.

माझ्या केसमध्ये सांगलीतला एक दवाखाना होता, मॅपवर त्यांच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे पडलेले आणि तो नंबर नेमका माझा. दिवसाला सात-आठ कॉल, ते ठीक, पण एक काका रोज सकाळी साडेसातला "ओ ताई, नंबर लावा की, दुसरा तिसरा चालंल." मी राँग नंबर म्हणून ठेवायची की दोन मिनिटात परत रिंग. चिडून एकदा विचारलं, काका परत परत का लावताय, तर म्हणाले "अहो मी बघून लावतोय, आकडा न् आकडा बरोबर हाय." आणि खरंच होतं की ते! राँग नंबर म्हटल्यावर माणसाला वाटतं आपलंच बोट चुकलं, तो लिहिलेल्या नंबरशी ताडून बघतो, जुळतो, मग परत लावतो. म्हणून असं सांगा: "तुम्ही लावलाय बरोबर, पण तिथे छापलाय चुकीचा. हा घरचा नंबर आहे, दवाखान्याचा नाही." आणि लगेच पुढे, "तुम्हाला हा नंबर कुठे मिळाला?"

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण चूक कुठे आहे ते कॉल करणाऱ्यालाच माहीत असतं. स्मार्टफोनवाला असेल तर व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट मागा, बरेच जण देतात. शिवाय स्वतःचा नंबर गुगलवर अवतरणचिन्हात टाकून शोधा, एकदा सलग दहा आकडे आणि एकदा पाच-पाच आकड्यांत स्पेस देऊन, कारण दोन्हीचे रिझल्ट वेगळे येऊ शकतात. मला असं शोधल्यावर मॅपशिवाय अजून एका डिरेक्टरी साइटवर तोच चुकीचा नंबर सापडला. या साइट एकमेकांचं बघून भरतात की काय देव जाणे, पण एकच ठिकाण दुरुस्त करून थांबू नका.

मॅपवर असेल तर त्या जागेच्या पानावर `Suggest an edit`, मग `Change name or other details`, तिथे फोन नंबर बदलून पाठवायचा. पण बरोबर नंबर माहीत पाहिजे ना. मी आकडे उलटसुलट करून फोन लावला तर थेट कंपाउंडरनेच उचलला, म्हणाला "आमाला पेशंट कमी का झाले ते आता कळलं." मग त्याच्याकडून दवाखान्याच्या बोर्डचा फोटो घेतला, त्यावर नंबर स्पष्ट दिसत होता, तो फोटो त्या जागेवर टाकला आणि मग एडिट पाठवली. नुसती पाठवलेली आधीची एडिट तशीच अडकून पडली होती, ही चार दिवसांत लागली. खरा उपाय मालकानेच प्रोफाइल स्वतःच्या ताब्यात घेणं हा आहे. पण आधी नंबर दुरुस्त होऊ दे, कारण पडताळणीचा कोड लिस्टिंगमधल्या नंबरवर आला तर तो तुमच्या फोनवर येईल. आणि या गडबडीत कोणी अनोळखी "माझा ओटीपी तुमच्याकडे आलाय" म्हणाला तर अजिबात देऊ नका, दवाखानावाला असो नाहीतर कोणी.

ब्लॉक करून काय होतं, तो एक माणूस थांबतो (तेही पोराच्या फोनवरून करेपर्यंत), बाकीचे नवीन लोक येतच राहतात. डीएनडीचाही उपयोग नाही, ते जाहिरातीच्या कॉलसाठी आहे.

लिस्टिंग सुधारली तरी कॉल लगेच बंद होत नाहीत, कारण लोकांनी नंबर सेव्ह करून ठेवलेला असतो. काकांच्या मुलीने तर त्यांच्या साध्या फोनमध्ये दोनचं बटण दाबून धरलं की माझा नंबर लागेल असं करून ठेवलं होतं, म्हणजे ते "बघून" पण लावत नव्हते. तिला फोनवर घेऊन आधीचं नाव उडवायला लावलं आणि बरोबर नंबर एसएमएसने पाठवला, तोंडी सांगितला तर परत दोन आकडे उलटे व्हायचे. ट्रूकॉलरवर पण माझं नाव "दवाखाना" झालं होतं, कारण लोकांनी तसंच सेव्ह केलेलं, ते ॲपमधून नाव बदलून घेतलं.

तुमचा माणूस खरं कळल्यावरही मुद्दाम त्रास देत असेल, रात्री-अपरात्री किंवा घाणेरडं बोलत असेल, तर ती चूक नाही राहिली, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट घेऊन पोलिस स्टेशनला जा.

माझ्याकडे आता महिन्यात एखादा कॉल येतो, बहुतेक जुन्या फाइलवर कोणीतरी पेनाने लिहून ठेवलेला नंबर. त्यांना तयार एसएमएस पाठवते. काकांनी मात्र गेल्या महिन्यात परत केला, मी म्हटलं काका दोनचं बटण परत बिघडलं का, तर म्हणाले "नाय ओ, डॉक्टर गावाला गेलेत, तुमाला काय म्हायती का?"