कॉलनंतरचा रिकॅप मेल: जो कॉलवर नव्हता, त्याच्यासाठी लिहा

प्रश्न: ग्राहकाची अडचण समजून घ्यायचा पहिला, म्हणजे डिस्कव्हरी कॉल छान होतो, समोरचा म्हणतो "मेल टाका, मी साहेबांना दाखवतो", आणि पुढे काहीच हलत नाही. रिकॅप मेलमध्ये नेमकं काय लिहायचं?

मी कारखान्यांना स्टॉक आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर विकतो, त्यामुळे हे वाक्य मला रोज ऐकू येतं. तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच दाखवायचं असतं, पण आपण पाठवलेला मेल त्याला जसाच्या तसा पुढे ढकलता येत नाही. त्यात "आपल्याशी बोलून आनंद झाला" असतं, आपल्या कंपनीची ओळख असते, खाली बारा पानी ब्रोशर असतं. साहेबांना पाठवायचं तर त्याला स्वतः बसून सगळं नव्याने लिहावं लागतं, आणि डिस्पॅचच्या माणसाला तेवढा वेळ कुठून मिळणार?

म्हणून मी मेल लिहितो तो कॉलवर नसलेल्या माणसासाठी. तयारी मात्र कॉल संपायच्या आधीच करावी लागते. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची, ऐकलेलं सगळं मोठ्याने परत सांगायचं, आणि दोन गोष्टी विचारायच्या: "हे कोणाकोणाला दाखवावं लागेल?" आणि "ते पहिला प्रश्न काय विचारतील?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मेलमध्ये असलंच पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. चाकणचा प्रेस पार्ट बनवणारा कारखाना, कॉलवर डिस्पॅच मॅनेजर. तक्रार अशी की कागदावर माल दिसतो, पण गाडी लागल्यावर पेट्या कमी भरतात. मग उरलेला माल संध्याकाळी वेगळ्या टेम्पोने पाठवावा लागतो. महिन्यातून चारेक वेळा असं होतं आणि दर खेपेला साधारण साडेसहा हजार जातात. निर्णय मालकांचा, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "टॅली आहे ना, मग हे कशाला?"

मी यावर असा मेल लिहीन. आपल्याकडे हा बहुधा इंग्रजीत जातो, साचा तोच.

विषय: डिस्पॅचला माल कमी पडणे – सध्याचा खर्च आणि 14 तारखेची पाहणी

"नमस्कार सर, आजच्या बोलण्यातलं खाली मांडलंय. रेघेखालचा भाग तुम्हाला तसाच पुढे पाठवता येईल. आकड्यांत काही चुकलं असेल तर आधी मला सांगा, दुरुस्त करून देतो.
―――
अडचण: प्रेस शॉपमधून तयार माल स्टोअरला येतो तेव्हा नोंद वहीत होते आणि ती कॉम्प्युटरवर शिफ्ट संपल्यावर चढते. मधल्या वेळात गाडी लागली की दिसणारा स्टॉक आणि प्रत्यक्ष पेट्या जुळत नाहीत.
सध्याचा खर्च: महिन्यातून अंदाजे 4 जादा टेम्पो, प्रत्येकी सुमारे 6,500 रुपये, म्हणजे महिना 26,000 रुपये (डिस्पॅच विभागाचा अंदाज). महिनाअखेरच्या मोजणीत जाणारा वेळ यात धरलेला नाही.
टॅली असताना हे कशाला: टॅलीतली नोंद शिफ्ट संपल्यावर होते, अडचण त्याआधीची आहे. टॅली बदलायची नाही.
ठरलेलं: मंगळवार 12 पर्यंत डिस्पॅच विभाग मागच्या तीन महिन्यांची जादा टेम्पोची बिलं काढून ठेवेल. गुरुवार 14 ला सकाळी 11 वाजता आमचा माणूस स्टोअरमध्ये एक शिफ्ट थांबून नोंदी कशा होतात ते पाहील. शनिवार 16 पर्यंत आम्ही खर्चाचा अंदाज देऊ.
अजून ठरायचं: मालक आणि अकाउंट्स यांच्यासोबत वीस मिनिटांची बैठक. आम्ही सोमवार 18 सुचवतो."

एवढाच. आता यातलं काय कशासाठी आहे ते सांगतो.

26,000 हा आकडा त्यांच्याच तोंडचा आहे आणि तसं लिहिलंय. "आमच्या सॉफ्टवेअरने 30 टक्के बचत होईल" असं एकही वाक्य मी या टप्प्यावर घालत नाही. मालक विचारणार, "हा आकडा कुठून आला?" आकडा डिस्पॅचचा असेल तर मॅनेजर छातीठोकपणे उत्तर देईल. आपला असेल तर तो आपला बचाव करत बसेल आणि दुसऱ्यांदा त्या फंदात पडणार नाही. बिलं काढायला सांगितली तीही यासाठीच. आज जो अंदाज आहे तो पुढच्या आठवड्यात त्यांच्याच कागदांवर उभा राहतो. बिलांवरून महिन्याला दोनच टेम्पो निघाले, तर 13,000 लिहायचे आणि त्या आकड्यावर आपला भाव परवडतो का, ते प्रामाणिकपणे बघायचं.

"ठरलेलं" आणि "अजून ठरायचं" हे वेगळं ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कॉलवर नुसतं "बघू या" झालेलं असताना मेलमध्ये "बैठक निश्चित" लिहिलं, की समोरचा गप्प होतो, कारण त्याला खोडायला अवघड जातं. आणि पुढच्या कामांत त्यांच्या बाजूचं एकही काम नसेल, तर काही ठरलेलंच नाही असं समजा. "कळवतो" हे काम नव्हे. काम म्हणजे माणूस किंवा विभाग, तारीख आणि हातात येणारी वस्तू.

कॉलवर माणूस मोकळेपणाने बोलतो. "आमचे स्टोअरवाले ऐकतच नाहीत", "मालकांना कॉम्प्युटरचं वावडं आहे". यातला एक शब्दही मेलमध्ये येता कामा नये, रेघेच्या वरसुद्धा नाही. वर दिलेली अडचण पाहा, तिच्यात दोष नोंदीच्या वेळेचा आहे, कुठल्या माणसाचा नाही. स्टोअरच्या प्रमुखाला तो मेल गेला तरी कोणी दुखावणार नाही. याच कारणाने रिकॅप जुन्या मेलला रिप्लाय म्हणून पाठवू नका. फॉरवर्ड केल्यावर खालची सगळी साखळी जाते, त्यात कधी तुमची जुनी भावाची बोलणीही असतात. नवा मेल उघडा.

टेबल, रंग, चित्रं टाळा. मालकांपर्यंत हा मजकूर बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर कॉपी होऊन पोचतो आणि तिथे टेबलाचा पार चुथडा होतो. साध्या ओळी टिकतात. आधी स्वतःच्याच नंबरवर पेस्ट करून मोबाईलवर वाचून बघा.

मेल त्याच दिवशी जावा, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उत्तरावरून बरंच कळतं. "नोटेड, थँक्स" म्हणजे बहुधा नीट वाचलेलं नाही. "चार नाही, पाच टेम्पो, आणि एक नाशिकला जातो" असं आलं तर तो कागद आता त्याचा झाला. लगेच दुरुस्त करून तोच मजकूर नव्याने पाठवा. सीसीमध्ये अकाउंट्सचा माणूस दिसू लागला तर मेल पुढे गेलाय.

दोन कामाचे दिवस काहीच आलं नाही तर "मेल मिळाला का?" विचारू नका. फोन करा आणि एकच विचारा: "सर, टेम्पोचा आकडा बरोबर आहे ना? साहेबांकडे जाण्याआधी पक्का करून घेऊ." त्यावरही टाळाटाळ झाली, तर गुरुवारी माणूस पाठवायच्या आधी पाहणी खरंच हवी आहे का, ते सरळ विचारून घ्या.