खात्यात चुकून आलेले पैसे: स्वतः परत पाठवू नका, बँकेकडून परत जाऊ द्या

प्रश्न: परवा माझ्या खात्यात अचानक ३५,००० रुपये जमा झाले. कोणाचे ते माहीत नाही. आता एक जण फोन करून म्हणतोय, चुकून आले, या नंबरवर परत टाका. टाकू का? पुढे काही लफडं नको.

उत्तर: त्या नंबरवर टाकू नका. पैसे नक्की परत करा, पण बँकेमार्फत, आणि ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. मी बरीच वर्षं बँकेच्या शाखेत काम केलं आहे. अशा प्रकरणात लोक अडकतात ते पैसे ठेवून घेतल्यामुळे क्वचितच. बहुतेक जण भलत्याच खात्यात ‘परत’ केल्यामुळे अडकतात.

आमच्या शाखेतल्या एका खातेदाराचं सांगतो. सरळमार्गी माणूस, छोटं दुकान. फोन आला, समोरचा रडकुंडीला आलेला, याने दया येऊन लगेच यूपीआयने पैसे त्याने सांगितलेल्या नंबरवर टाकले. दोनेक आठवड्यांनी खातं गोठलं. झालं असं होतं, की पैसे भलत्याच कोणाचे होते. त्याला फसवून चोराने ते या दुकानदाराच्या खात्यात वळवले आणि मग फोन करून स्वतःच्या ताब्यातल्या तिसऱ्या खात्यात काढून घेतले. ज्याची फसवणूक झाली त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पोलीस अशा तक्रारीत पैसा कुठून कुठे गेला ते एकेका खात्यावरून शोधत जातात. त्या साखळीत दुकानदाराचं खातं मधली कडी म्हणून दिसत होतं: पैसे आले आणि लगेच पुढे गेले. चोरांना भाड्याने दिलेली खाती अशीच दिसतात. आपण परत केले असं तो सांगत होता, पण मूळ माणसाला एक रुपयाही मिळालेला नव्हता. प्रकरण मिटवताना त्याला तेवढेच पैसे पुन्हा खिशातून भरावे लागले.

म्हणून आधी एसएमएस बाजूला ठेवा आणि बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुक भरून नोंद बघा. काही वेळा पैसे आलेलेच नसतात, नुसता खोटा मेसेज असतो. नोंद खरी असेल तर त्यातून चार गोष्टी उतरवून घ्या: तारीख, रक्कम, यूटीआर क्रमांक (यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये तो १२ आकडी असतो) आणि पाठवणाऱ्याचं किंवा त्याच्या बँकेचं नाव. ते नाव आणि फोन करणाऱ्याने सांगितलेलं नाव जुळत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

आता माझ्या मेहुण्याचं. शनिवारी संध्याकाळी त्याच्या खात्यात ४२,५०० रुपये आले. तासाभरात एका बाईंचा फोन: आईला दवाखान्यात भरती केलंय, एक आकडा चुकला, आत्ताच्या आत्ता या नंबरवर टाका. त्याने मला विचारलं. नोंद बघितली तर पैसे एका पुरुषाच्या नावाने, बाईंनी सांगितलेल्या बँकेऐवजी दुसऱ्याच बँकेतून आलेले. मी त्याला त्यांना एवढंच सांगायला लावलं: “तुमच्या बँकेत तक्रार करा. तुमची बँक माझ्या बँकेला कळवेल, माझी संमती तयार आहे.” खरंच चूक झालेल्या माणसाला हे पटतं, कारण त्याची बँकही त्याला हेच सांगते. या बाईंनी आधी विनवण्या केल्या, मग पोलिसांत देण्याची धमकी दिली आणि मग फोन बंद केला.

सोमवारी तो आपल्या शाखेत गेला. काउंटरवरचा म्हणाला, “तुम्हीच परत टाका ना, अर्ज कशाला?” तिथे मागे फिरू नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोचच उद्या तुमच्या बाजूने बोलते. त्याच दिवशी तोच मजकूर शाखेच्या ईमेलवरही पाठवा. मेहुण्याचा मजकूर साधारण असा होता:

“माझ्या बचत खात्यात दि. … रोजी आयएमपीएसद्वारे, यूटीआर क्र. …, रु. ४२,५००/- जमा झाले आहेत. ही रक्कम माझी नाही व पाठवणाऱ्यास मी ओळखत नाही. ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात, मूळ व्यवहाराच्या संदर्भाने, ती परत करण्यास माझी संमती आहे. अन्य कोणत्याही खात्यात वर्ग करण्यास संमती नाही. तोवर ही रक्कम राखून ठेवावी.”

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका, सगळं त्यावर आहे. कोऱ्या पैसे काढण्याच्या स्लिपवर किंवा कोऱ्या चेकवर मात्र सही करून देऊ नका. तुमची संमती लागते ती अशासाठी की पाठवणाऱ्या ग्राहकाची चूक असेल तर बँक तुमच्या खात्यातून आपल्या मनाने रक्कम काढत नाही. चूक बँकेचीच असेल, म्हणजे एकच एंट्री दोनदा पडली वगैरे, तर ती स्वतःच उलटवते आणि तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही.

नऊ दिवसांनी शाखेतून फोन आला. खऱ्या मालकाने १९३० वर तक्रार नोंदवली होती आणि पोलिसांकडून कळवल्याप्रमाणे ४२,५०० वर होल्ड, बँकेच्या भाषेत लियन, लागला होता. रक्कम जशीच्या तशी होती आणि अर्जावरची तारीख होल्डच्या आधीची होती. त्याचं बाकीचं खातं चालू राहिलं. दर वेळी असंच होईल याची खात्री देता येत नाही, काही वेळा पूर्ण खातंच गोठतं, पण तेव्हाही पोलिसांसमोर ठेवायला तुमच्याकडे पोच असते. पुढे पैसे गेल्यावर त्याने पासबुकात खर्ची पडलेली नोंद तपासली, रक्कम परत गेल्याचं बँकेकडून लेखी घेतलं आणि पोचेसोबत लावून ठेवलं.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. खात्यावर कर्जाचा हप्ता, विमा किंवा एसआयपी आपोआप कापली जात असेल, तर ती या पैशातूनही कापली जाते. तुम्ही काही न करता परकी रक्कम खर्च होते. म्हणून तुमची शिल्लक कायम ३५,००० च्या वरच राहील इतके स्वतःचे पैसे खात्यात ठेवा.

‘त्याची चूक, आपण गप्प बसावं’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. चुकून मिळालेले पैसे परत करणं भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे बंधनकारक आहे आणि लबाडीने वापरले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं.

ओळखीच्या माणसाने, समजा शेजाऱ्याने, दोनशे-पाचशे चुकून टाकले असतील तर एवढं करायची गरज नाही. समोरासमोर विचारा आणि ज्या यूपीआय आयडीवरून आले त्यालाच परत टाका. तुमची रक्कम आणि तो अनोळखी फोन बघता तुम्ही मात्र शाखेतच जा.

फोन करणाऱ्याचा नंबर, वेळ आणि मेसेज जपून ठेवा. तो धमकावू लागला तर स्वतःच १९३० वर किंवा cybercrime.gov.in वर नोंद करा आणि तो तक्रार क्रमांक अर्जावर लिहा. बँकेने तीस दिवसांत काहीच उत्तर दिलं नाही तर तीच पोच जोडून cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी लागत नाही.