फराळाआधी भाजणी

“ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जूनमध्ये इंग्लंडला येतोय. मला तिथल्या मराठी कुटुंबांसाठी घरून दिवाळीचा फराळ करून विकायचा आहे. चालेल का? इथून काय आणू?”

फराळ चालतो, पण जेमतेम पंधरा दिवस. मीही पहिल्या वर्षी तोच केला. टपालाने पाठवलेल्या करंज्यांचा चार घरी चुरा पोचला आणि मी पैसे परत दिले. त्याच दिवाळीत तिघींनी मला विचारलं, “फराळ मी घरी करीन गं, पण चकलीची भाजणी कुठे मिळेल?” तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे डाळी, तांदूळ, पोहे, गूळ सगळं मिळतं. नाही ती फक्त कोपऱ्यावरची गिरणी. मिक्सरमध्ये भाजणी रवाळ राहते आणि चकली सोऱ्यातून पडताना तुटते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही चकलीची भाजणी, थालिपिठाची भाजणी आणि मेतकूट विका. हे टिकतं, टपालात मोडत नाही आणि थालिपीठ तर लोक वर्षभर करतात.

मग तिथून आणायची वस्तू एकच, घरघंटी. इथली वीजही 230 व्होल्टची असल्यामुळे ती चालते, फक्त प्लग बदलून घ्यावा लागतो. ती विमानाच्या बॅगेत येण्यासारखी नसते, घरसामानाबरोबर जहाजाने पाठवा. बारीक जाळ्यांचा एक जादा संचही ठेवा.

चकलीच्या भाजणीचा माझा एक घाणा सांगते. तांदूळ 1 किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ आणि मूग डाळ पाव-पाव किलो, धणे 50 ग्रॅम, जिरे 25 ग्रॅम. तांदूळ धुऊन वाळवायचे, आणि इथे खरी अडचण तीच आहे. पुण्यात सावलीत एका दिवसात वाळतात, इथल्या दमट हवेत दोन दिवस लागतात. दाणा दाताखाली कट्ट तुटला तरच पुढे जायचं. ओल राहिली तर महिन्याभरात पिठाला कुबट वास येतो आणि गुठळ्या होतात. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. उडीद डाळ कच्ची राहिली तर चकलीला पिठूळ चव येते, करपली तर कडवट होते. आणि भाजलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय दळायचं नाही, कारण वाफेने पीठ जाळीत चिकटतं.

यातून अर्ध्या-अर्ध्या किलोची चार पाकिटं निघतात. मला जिन्नसांचा खर्च साधारण 5 पौंड येतो, पाकीट मी 5 पौंडांना देते, टपालखर्च वेगळा. म्हणजे चार पाकिटांमागे 15 पौंड उरतात, त्यातून पाकिटं, लेबलं आणि वीज वजा करा. भाजणं, दळणं, भरणं धरून माझे तीन तास जातात. दुप्पट घाणा केला तर वेळ दुप्पट लागत नाही, तिथेच पैसे सुटतात.

आता कायद्याचं. कुशल कामगार व्हिसावरच्या नोकरदाराच्या जोडीदाराला इथे स्वतःचा व्यवसाय करता येतो, पण तुमच्या व्हिसाची अट स्वतः वाचून घ्या. विक्री सुरू करण्याच्या किमान 28 दिवस आधी स्थानिक काउन्सिलकडे अन्नव्यवसायाची नोंदणी करावी लागते. ती फुकट असते. मग अधिकारी येऊन स्वयंपाकघर बघतात आणि 0 ते 5 मधला स्वच्छतेचा दर्जा देतात. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या. करवर्षात एकूण विक्री 1000 पौंडांच्या आत असेल तर सहसा ती कर खात्याला कळवावी लागत नाही, पण हा आकडा विक्रीचा आहे, नफ्याचा नव्हे.

सगळ्यात जास्त काळजी लेबलाची घ्या. इथे ॲलर्जीचे 14 पदार्थ ठरलेले आहेत. ते तुमच्या पाकिटात असतील तर घटकांच्या यादीत ठळक अक्षरात छापावे लागतात आणि फोनवर ऑर्डर घेतानाही सांगावे लागतात. मेतकुटात गहू आणि मोहरी असते, ती मी लिहिली होती. चकलीच्या भाजणीत मी चिमूटभर हिंग घालायचे आणि त्यात गहू नाही असं धरून चालले होते. एका ताईंनी फोनवर विचारलं, “माझ्या मुलीला गहू अजिबात चालत नाही, तुमचा हिंग कुठला?” मी डबी उलटी करून वाचली, तर त्यात गव्हाचं पीठ होतं. बांधलेल्या हिंगात ते बऱ्याचदा असतं. ती ऑर्डर मी घेतली नाही, त्या दिवशी भरलेली सगळी पाकिटं काढून ठेवली आणि आधी नेलेल्यांना फोन केले. हिंग आता मी घालत नाही, तळणाऱ्या घरी घालतात. तरीही “ग्लूटेनमुक्त” असं मी छापत नाही, कारण त्याच घरघंटीत थालिपिठाचे गहू दळले जातात.

जूनमध्ये आलात तर सामान लागल्यावर लगेच नोंदणी करा आणि श्रावणात थालिपिठाच्या भाजणीने सुरुवात करा. चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी मला दिवाळीच्या तीन आठवडे आधी येऊ लागतात. तोवर तांदूळ किती दिवसांत वाळतात हे तुमच्या घरात तुम्हाला कळलेलं असेल.