४:१ म्हणजे आहाराचा डोस: तो कसा ठरतो आणि कुठे बिघडतो

प्रश्न: माझ्या ६ वर्षांच्या मुलीला तीन औषधे देऊनही फिट थांबत नाहीत. तिचे वजन १८ किलो आहे. डॉक्टरांनी ४:१ कीटोजेनिक आहार सुचवला आहे. हे ४:१ कसे काढतात, कीटोन कसे बघायचे आणि कोणत्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवायचे?

उत्तर: मी लहान मुलांच्या अपस्मार विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. या आहाराकडे मी औषधाप्रमाणेच पाहते. गुणोत्तर हा त्याचा डोस आहे, कीटोन ही त्याची रक्तातली पातळी आहे आणि दुष्परिणाम दिसण्याची वाट न पाहता ते मुद्दाम शोधायचे असतात. म्हणूनच मेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ सोबत नसताना हा आहार घरी सुरू करू नये.

गणिताआधी तपासण्यांबद्दल सांगते, कारण क्वचित एखाद्या मुलासाठी हाच आहार जिवावर बेतू शकतो. साखर मिळेनाशी झाली की शरीर चरबी जाळते आणि त्यातून कीटोन तयार होतात, पण काही जन्मजात चयापचय विकारांत चरबी जाळण्याची यंत्रणाच अपुरी असते. प्राथमिक कार्निटिन कमतरता आणि मेदाम्लांच्या ऑक्सिडेशनमधील दोष त्यांपैकी आहेत. पायरुव्हेट कार्बोक्झिलेजची कमतरता आणि पॉर्फिरिया यांतही हा आहार देत नाहीत. म्हणून सुरुवातीला रक्तातील ॲसिलकार्निटिन आणि लघवीतील सेंद्रिय आम्ले तपासतात. त्याबरोबर यकृत, मूत्रपिंड, क्षार, बायकार्बोनेट, उपाशीपोटीची चरबी, ड जीवनसत्त्व आणि लघवीतील कॅल्शियम व क्रिएटिनिन यांचे आकडे नोंदवून ठेवतात. सहा महिन्यांनी एखादा आकडा वाढलेला दिसला, तर तो आधीपासून तसा होता की आहारामुळे वाढला, हे या नोंदींशिवाय कळत नाही. याच काळात तुम्ही किमान तीन-चार आठवडे फिटची डायरी लिहा. प्रत्येक फिटची वेळ, प्रकार आणि ती किती वेळ टिकली हे त्यात असू द्या. आहाराचा उपयोग झाला की नाही, याचा निर्णय पुढे याच डायरीवर होतो.

आता गुणोत्तर. ४:१ म्हणजे प्रथिने आणि कर्बोदके मिळून जेवढे ग्रॅम, त्याच्या चौपट ग्रॅम स्निग्ध पदार्थ. ही तुलना वजनाची आहे, कॅलरींची नाही. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम प्रथिन किंवा कर्बोदकातून ४. म्हणून ४ ग्रॅम चरबी आणि १ ग्रॅम उरलेले मिळून एक ‘एकक’ धरले, तर त्यातून ३६ अधिक ४, म्हणजे ४० कॅलरी मिळतात. ३:१ मध्ये हेच एकक ३१ कॅलरींचे होते.

तुमच्या मुलीसाठी दिवसाला १२०० कॅलरी लागतात असे उदाहरणापुरते धरू. खरा आकडा तिची उंची, हालचाल आणि तीन-चार दिवसांच्या आहारनोंदीवरून ठरेल. १२०० ला ४० ने भागले की ३० एकके येतात, म्हणजे चरबी १२० ग्रॅम आणि प्रथिने व कर्बोदके मिळून ३० ग्रॅम. या ३० मधून आधी प्रथिने बाजूला काढायची. वाढत्या वयात त्यांत कपात करता येत नाही, म्हणून किलोमागे १ ग्रॅम धरून १८ ग्रॅम. उरतात फक्त १२ ग्रॅम कर्बोदके. तीन सारख्या जेवणांत वाटले, तर प्रत्येक जेवणात ४० ग्रॅम चरबी, ६ ग्रॅम प्रथिने आणि ४ ग्रॅम कर्बोदके येतात. ताटात हे साधारण असे दिसेल: ४० ग्रॅम अंडे, कमी पिष्टाची शिजवलेली भाजी सुमारे ८० ग्रॅम आणि उरलेली सगळी चरबी, म्हणजे ३६ ग्रॅमच्या आसपास, तेलातून. प्रत्येक जिन्नस ग्रॅमच्या काट्यावर तोलायचा आणि ताटात काही उरू द्यायचे नाही, कारण भांड्याला चिकटून राहिलेले तेलसुद्धा डोसचाच भाग असते.

या हिशेबात पहिली चूक बहुतेक वेळा जेवणात नसते, औषधाच्या बाटलीत असते. समजा तुमच्या मुलीच्या सिरपच्या ५ मिलीत ३ ग्रॅम साखर आहे आणि ती ते दिवसातून दोनदा घेते. म्हणजे ६ ग्रॅम कर्बोदके कोणाच्या लक्षातही न येता पोटात गेली. आता चरबी १२० ग्रॅमच राहिली, पण दुसरी बाजू ३० ची ३६ झाली. १२० भागिले ३६ म्हणजे ३.३. कागदावर ४:१ लिहिलेले असताना मूल प्रत्यक्षात ३.३:१ वर आहे. खोकल्याचे औषध, जीवनसत्त्वांच्या चघळायच्या गोळ्या आणि टूथपेस्टसुद्धा या यादीत येतात. तेव्हा सुरुवातीच्या भेटीला घरातली सगळी औषधे वेष्टनासह घेऊन या. अपस्माराची औषधे साखरविरहित गोळीत किंवा दुसऱ्या स्वरूपात बदलता येतात का ते डॉक्टर पाहतील. स्वतःहून कोणतेही औषध बंद करू नका.

४:१ वर प्रथिने नीट बसत नसतील किंवा मूल खातच नसेल, तर ३:१ हा कमीपणाचा पर्याय नाही. १२०० कॅलरींनाच ३:१ वर चरबी ११६ ग्रॅम आणि उरलेले सुमारे ३९ ग्रॅम येतात. प्रथिनांना १९ ग्रॅम दिले तरी कर्बोदकांना २० ग्रॅम उरतात. ताट जरा माणसासारखे दिसते आणि पालकांना ते टिकवता येते. दोन वर्षांखालील मुलांना आम्ही बहुधा ३:१ किंवा त्याहूनही खालून सुरू करतो. पूर्वी आधी उपवास घडवत असत. आता गुणोत्तर काही दिवसांत पायरीपायरीने वाढवण्याकडे कल आहे, कारण तीन महिन्यांनी परिणाम तेवढाच मिळतो आणि पहिल्या दिवसांतला त्रास कमी होतो.

कीटोन दोन प्रकारे पाहता येतात. लघवीची पट्टी ॲसिटोॲसिटेट दाखवते. ती स्वस्त आणि विनावेदना आहे, पण मुलाने पाणी जास्त प्यायले की लघवी पातळ होते आणि रंग फिका पडतो. रक्ताचे मीटर बोटातल्या थेंबावरून बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजते आणि शरीरातली त्या क्षणाची स्थिती जास्त खरी सांगते. साधारण उद्दिष्ट लिटरमागे २ ते ५ मिलिमोल असते आणि बऱ्याच मुलांत ४ च्या पुढे फिट अधिक आटोक्यात येतात. सकाळचे आकडे कमी आणि संध्याकाळचे जास्त असतात, म्हणून रोज एकाच वेळी तपासा. सकाळच्या २.५ ची संध्याकाळच्या ४.५ शी तुलना करून डोस बदलू नका. आणखी एक गोष्ट पालकांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते: फिट थांबल्या असतील आणि कीटोन ३ असतील, तर ५ च्या मागे लागायचे कारण नाही.

आकडा अचानक खाली आला, तर शोधायचा क्रम ठरलेला आहे: नवे औषध, शाळेत कोणी दिलेला खाऊ, तोलण्यातली चूक, आणि मग कॅलरी. गरजेपेक्षा जास्त कॅलरी गेल्या तरी कीटोन उतरतात आणि सोबत वजन वाढते. माझ्याकडे एका मुलाचे आकडे स्थिर असताना एका आठवड्यात निम्म्यावर आले होते. आईच्या तोलमापात चूक नव्हती. शेवटी सर्दीसाठी कोणीतरी दिलेल्या गोड सिरपची बाटली सापडली.

उलट दिशेचा धोका तातडीचा असतो. मूल चिडचिडे झाले, चेहरा लाल झाला, श्वास जोरात आणि खोल चालू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर कीटोन आणि साखर दोन्ही लगेच तपासा. कीटोन ५-६ च्या वर आणि ही लक्षणे असतील, तर सुमारे ३० मिली फळांचा रस देऊन १५ ते २० मिनिटांनी पुन्हा तपासतात. सुधारणा नसेल, मूल गुंगत असेल किंवा रक्तातली साखर डेसिलिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास वा खाली असेल, तर रुग्णालय गाठायचे. रसाचे प्रमाण आणि फोन कोणाला करायचा, हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. त्याच कागदावर हेही असावे की मुलीला सलाइन लावायची वेळ आली आणि साखर कमी नसेल, तर डेक्स्ट्रोज नसलेले द्रव द्यावे. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांना हा आहार माहीत असेलच असे नाही.

दुष्परिणामांत सर्वांत जास्त दिसते ती बद्धकोष्ठता, आणि ती किरकोळ मानून सोडून दिली जाते. पोट साफ नसले की भूक मरते, ताट अर्धे उरते आणि गुणोत्तर कोसळते. पाणी भरपूर द्या; पाणी मोजून देण्याची जुनी पद्धत आता नाही. रक्तातली चरबी पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच मुलांत वाढते. पुष्कळदा पुढे ती उतरते किंवा चरबीचा प्रकार बदलून खाली आणता येते. मुतखड्याकडे मात्र मी जास्त गांभीर्याने पाहते, विशेषतः मूल टोपिरामेट किंवा झोनिसामाइड घेत असेल तर, कारण ही औषधेही आम्लता वाढवतात. तुमच्या मुलीच्या तीन औषधांत यांपैकी एखादे असेल, तर बायकार्बोनेट आहार सुरू करण्यापूर्वी आणि पहिल्या आठवड्यांत पुन्हा बघायला हवे. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या २००९ मधील अभ्यासात पोटॅशियम सायट्रेट आधीपासून दिलेल्या मुलांत मुतखड्याचे प्रमाण ६.७ टक्क्यांऐवजी ०.९ टक्के आढळले होते. ते द्यायचे का आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. लघवीत लालसरपणा, वाळूसारखे कण किंवा कुशीत दुखणे ही तुमच्या लक्ष ठेवण्याच्या गोष्टी आहेत.

उशिरा उमटणारे परिणाम डोळ्यांना दिसत नाहीत. उंची वाढण्याचा वेग मंदावतो, हाडे ठिसूळ होऊ शकतात, आणि सेलेनियम कमी पडले तर हृदयाच्या स्नायूवर परिणाम झाल्याची नोंद आहे. म्हणून कर्बोदके नसलेली जीवनसत्त्वे, खनिजे आणि कॅल्शियम हा आहाराचाच भाग असतो, पर्यायी पुरवणी नव्हे. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर कार्निटिन मधूनमधून तपासावे. भेटी साधारण १, ३, ६, ९ आणि १२ महिन्यांनी होतात. प्रत्येक भेटीत उंची, वजन, शौच, आहार नाकारणे आणि प्रयोगशाळेचे आकडे एकाच तक्त्यात लिहिले गेले, तर हळूहळू होणारा बदल नजरेत भरतो.

अपेक्षेबद्दलही स्पष्ट सांगते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४५ मुलांच्या नियंत्रित अभ्यासात तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांत फिट निम्म्याहून अधिक घटल्या, आहार न घेणाऱ्यांत ६ टक्के मुलांत. ९० टक्क्यांहून अधिक घट मात्र आहार घेणाऱ्यांतही केवळ ७ टक्के मुलांत झाली. त्यामुळे आम्ही किमान तीन महिने देतो आणि मग तुमची डायरी उघडतो. फरक नसेल तर आहार थांबवतो. फरक असेल तर साधारण दोन वर्षे चालू ठेवतो. मेंदूपर्यंत साखर नेणारे प्रथिन कमी पडते, त्या ग्लूट-१ कमतरतेसारख्या आजारात त्याहून कितीतरी अधिक काळ. थांबवतानाही एकदम नाही: ४:१ वरून ३:१, मग २:१, असे काही आठवडे ते महिने घेत उतरतो आणि प्रत्येक पायरीवर फिट वाढल्या का ते पाहतो. वाढल्या तर एक पायरी मागे जातो.