आईचा उल्लेख नसलेलं माफीपत्र

ताई, मी पंचवटीत राहते, वय 47. माझी एक मैत्रीण पाचवीपासून माझ्याच बाकावर. तिची आई नोकरी करायची म्हणून दुपारचं जेवण आमच्याकडेच व्हायचं. 2008 मध्ये ती टोरांटोला गेली. दोन वर्षं फोन यायचे, मग नुसता वाढदिवसाचा मेसेज, मग तोही नाही. 2019 मध्ये माझी आई गेली. मैत्रिणीच्या भावाने तिला कळवलं होतं, तरी तिचा एक फोन आला नाही. आता तिचं चार पानी, हाताने लिहिलेलं पत्र आलंय. शेवटी फोन नंबर आहे. त्यात लिहिलंय, “संसार, नोकरी, मुलं यात सगळं राहून गेलं. मी तुझी अपराधी आहे. तू किती वेळा लिहिलंस, मी एकदाही उत्तर दिलं नाही, हे मला झोपू देत नाही. जमलं तर माफ कर. डिसेंबरात येतेय, भेटशील का?” आईबद्दल एक अक्षर नाही. नवरा म्हणतो सोडून दे, सासूबाई म्हणतात जेवायला बोलाव. पत्र तीन आठवडे उशाशी आहे. काय उत्तर देऊ?

*

उत्तर द्या, आणि याच आठवड्यात द्या. तीन आठवडे विचार करायला पुरेसे होते. याहून उशीर केलात तर तो उशीरच तिला तुमचं उत्तर वाटेल आणि तुम्ही न लिहिलेलं काहीबाही ती त्यात वाचेल.

पण आधी पेन्सिल घेऊन ते पत्र पुन्हा वाचा. मराठीत माफी मागताना कर्ता गायब करणं फार सोपं आहे. “राहून गेलं”, “जमलं नाही”, “दिवस कसे गेले कळलंच नाही”, अशा वाक्यांत कोणी काही केलेलंच नसतं, सगळं आपोआप झालेलं असतं. अशा प्रत्येक वाक्याखाली तुटक रेघ मारा. जिथे “मी” आहे आणि त्या “मी”ने नेमकं काय केलं किंवा केलं नाही हेही आहे, तिथे सरळ रेघ मारा. “मी तुझी अपराधी आहे” यात “मी” आहे, पण अपराध कोणता ते नाही, म्हणून तुटक रेघ. “तू किती वेळा लिहिलंस, मी एकदाही उत्तर दिलं नाही” याखाली मात्र सरळ रेघ येते. तुम्ही काय केलंत तेही तिने त्यात सांगितलंय आणि स्वतः काय केलं नाही तेही. चार पानांत अशा दोन-तीन जरी सरळ रेघा निघाल्या, तरी पत्र मनापासून लिहिलेलं आहे असं धरून चला. एकही निघाली नसती तर माझा सल्ला वेगळा असता.

या रेघांना आधार आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माफीचे सहा भाग वेगळे करून लोकांना कोणता किती पटतो ते तपासलं. सर्वांत जास्त वजन निघालं “चूक माझी होती” या कबुलीला, त्याखालोखाल “ती मी अशी भरून काढेन” याला. सर्वांत हलकं ठरलं ते “मला माफ कर” हे मागणं. तो अभ्यास नोकरीव्यवसायातल्या प्रसंगांवर होता, मैत्रीवर नव्हे, त्यामुळे तो जसाच्या तसा लावू नका. पण “जमलं तर माफ कर” हे वाक्य वाचून तुमच्या मनात काही हललं नसेल, तर तुम्ही कठोर आहात असं समजू नका. ते वाक्य असतंच हलकं.

इतकी वर्षं ती गप्प का राहिली असेल? आपण धरून चालतो की तिला आपली आठवणच नव्हती. बहुतेक वेळा तसं नसतं. जुन्या मैत्रांवरचा एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना संपर्क करायची इच्छा होती, ज्यांच्याकडे पत्ता-नंबर होता आणि मेसेज लिहायला मुद्दाम वेळही दिला होता, अशांपैकीही एक तृतीयांशाहून कमी जणांनी तो प्रत्यक्ष पाठवला. साधी शांतता मोडायलाही माणूस इतका कचरतो. मग ज्या घरी रोज जेवली, त्या घरातली आई गेल्यावर पहिल्या आठवड्यात फोन झाला नाही, की दुसऱ्या आठवड्यात करायची लाज वाटते आणि वर्षाने तर “आता कोणत्या तोंडाने” होतं. हे तिच्या वागण्याचं समर्थन नाही. पण आईचा उल्लेख नसण्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, तीच तिची सर्वांत मोठी शरम आहे आणि तिथे लेखणी अडली. दोन, ते न बोलता पुढे सरकता आलं तर तिला हवंय. नुसत्या पत्रावरून यातलं कोणतं ते ठरवता येणार नाही. तुमचं उत्तर गेल्यावरच ते कळेल, म्हणून त्या उत्तरात आई यायलाच हवी.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे “जाऊ दे गं, झालं ते झालं” लिहून मोकळं होणं. ते त्या क्षणी मोठ्या मनाचं वाटतं, पण न बोललेलं टोमण्यांतून बाहेर येतं. “तुला काय बाई वेळ असतो” हे वाक्य चौथ्या फोनला तुमच्या तोंडून निघेल आणि ती म्हणेल, तू तर माफ केलं होतंस ना? दुसरी चूक म्हणजे सगळ्या वर्षांचा हिशेब मांडणं, कोणत्या वाढदिवसाला मेसेज आला नाही इथपासून. दहा तक्रारींना कोणीही एकदम उत्तर देऊ शकत नाही. मग माणूस त्यातली सर्वांत सोपी निवडतो आणि खरी तशीच मागे राहते. तुम्ही एकच लिहा, आईचं. बाकीचं तिने स्वतःच कबूल केलंय.

पत्र हातानेच लिहा. एकच पान, पंधराएक ओळी. तिने चार पानं लिहिली म्हणून तुम्हीही चार लिहायला हवीत असं नाही. लिहून झालं की रात्रभर ठेवा, सकाळी मोठ्याने वाचा आणि जिथे आवाज चढतो ते वाक्य काढून टाका. मग पानाचा फोटो तिच्या नंबरवर पाठवा. टपालाच्या भरवशावर राहिलात तर ते पोचलं की नाही आणि तिने वाचलं की नाही, याच घोरात दिवस जातील. मजकूर साधारण असा असू दे, शब्द तुमचे घाला:

“तुझं पत्र मिळालं. तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. तुझं अक्षर बघून बरं वाटलं, हे खरं आहे. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आई गेली तेव्हा तुला कळलं होतं आणि तू फोन केला नाहीस. बाकीच्या वर्षांचं मला फारसं काही नाही, याचं आहे. तुझ्या पत्रात मी आईचं नाव शोधत होते. तेव्हा काय झालं, ते तुला सांगता येईल तसं सांग. मला भांडायचं नाहीये. तू डिसेंबरात येतेस तर भेटू या, पण त्याआधी हे बोलून होऊ दे.”

यात “तू नेहमीच” किंवा “तुला कधीच” नाही, आणि तिच्या मनात काय होतं याचा अंदाजही नाही. घडलेलं आणि तुम्हाला हवं असलेलं, एवढंच आहे. “माफ केलं” हेही मुद्दाम घातलेलं नाही. ते अजून झालेलं नाही, तर लिहायचं कशाला?

आता तिला दोन आठवडे द्या. त्या काळात कॉमन मैत्रिणींच्या ग्रुपवर काही सूचक टाकू नका आणि तिच्या भावाकडून चौकशीही नको. तिने आईबद्दल लिहिलं, अगदी अडखळत का होईना, तर फोनवर या. “मला वाटलं तुला अजून त्रास होईल” असं कारण आलं, तर ते कारण आहे, कबुली नव्हे. एकदाच सांगा, “मला त्रास फोन न आल्याचा झाला.” त्यावर ती काय म्हणते ते महत्त्वाचं. आणि “अगं सॉरी सॉरी, भेटल्यावर बोलू” एवढंच आलं, तर डिसेंबरात एक चहा घ्या, चांगलं बोला, पण आतलं काही उघडू नका. ओळख ठेवण्यातही काही वाईट नाही, फक्त तिला पूर्वीची मैत्री समजू नका.

फोनची वेळ आधी ठरवा. उन्हाळ्यात टोरांटो आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली की साडेदहा. नाशिकची रविवार सकाळ साडेसात म्हणजे तिची शनिवार रात्र, उन्हाळ्यात दहा आणि हिवाळ्यात नऊ. तुमचं घर जागं व्हायच्या आधीची ही वेळ चांगली. रविवार संध्याकाळ सात म्हणजे तिची सकाळ साडेनऊ किंवा साडेआठ, तेव्हा तिची मुलं आसपास असतील. पहिला फोन व्हिडिओवर नको, चेहरा बघितला की दोघी रडाल आणि बोलायचं राहील. अर्धा-पाऊण तास पुरे.

त्यानंतरचा धोका अबोल्याचा नसतो, पुराचा असतो. पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मेसेज, शाळेचे जुने फोटो, मग एक दिवस तिचं उत्तर येत नाही आणि तुमच्या पोटात पुन्हा तोच खड्डा. म्हणून सुरुवातीलाच एक आड एक रविवार ठरवा, एकदा तिने फोन करायचा, एकदा तुम्ही. तिची पाळी दोनदा चुकली आणि तिने आधी कळवलं नाही, तर ते तिला स्पष्ट सांगा. मनात मोजत बसू नका. भरपाई करायची तिची तयारी आहे का, हे पत्रांपेक्षा या पाळीतूनच कळेल.

डिसेंबरात पहिली भेट दोघींचीच. तिच्या मागे नातेवाइकांची यादी असणार, म्हणून ती आल्यावर नव्हे, निघायच्या आधीच दिवस ठरवून घ्या आणि दोन तास मागून घ्या. रविवारच्या मिसळीला नको, तिथे रांगेत आणि गोंगाटात काही बोलता येत नाही. साध्या वारी सकाळी सोमेश्वरला नदीकाठी बसा. डिसेंबरात गारठा असतो, शाल न्या. तिथे आईचं पुन्हा निघालं तर निघू द्या.

सासूबाईंचं जेवण दुसऱ्या भेटीला. त्यांचा बेत चांगला आहे, फक्त पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर तुम्ही यजमानीण व्हाल आणि ती पाहुणी, मग विचारणार काय? नवऱ्याला मात्र पत्र पाठवण्याआधी वाचायला द्या. तुमचं 2019 त्यांनी जवळून पाहिलं असणार, “सोडून दे” त्यातूनच आलंय. तुम्ही तो विषय बाजूला ठेवून पुढे जात नाही आहात, हे त्यांना दिसू दे.

आणि ती जेवायला येईल त्या दिवशी आईचा फोटो जिथे आहे तिथेच राहू दे. ती आली म्हणून पुढे आणू नका आणि हलवूही नका. ती आपण होऊन त्याच्यापाशी गेली तर पाच मिनिटं तिला एकटीला सोडा, तुम्ही ताटं घ्या.