तुटलेला पेन ड्राइव्ह आणि चिप-ऑफ

प्रश्न: पेन ड्राइव्ह कनेक्टरपाशी तुटला, आत लग्नाचे फोटो आहेत. नागपुरात चिप-ऑफ करून घेऊ का?

उत्तर: लगेच नको. आधी सीताबर्डीत मायक्रोस्कोपखाली सोल्डरिंग करणारा मोबाइलवाला गाठा. यूएसबी २.० ला दोन पॉवरच्या, दोन डेटाच्या अशा चारच जोडण्या लागतात. बहुतेकदा तुटतात त्या एवढ्याच, त्यामुळे बारीक वायर जोडून फोटो काढून घेता येतात. हाताने दाबून मात्र लावून पाहू नका, शॉर्ट होईल. चिप-ऑफमध्ये मेमरी चिप गरम हवेने उचलून वेगळ्या रीडरवर वाचतात. ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर चिपने डेटा विस्कटून लिहिलेला असतो, तो सॉफ्टवेअरने जुळवण्यातच खरी मेहनत आणि पैसा जातो. कंट्रोलर जळला किंवा बोर्डला तडा गेला असेल आणि फोटोंची दुसरी प्रत नसेल, तरच हा खर्च करा. हार्डवेअर एन्क्रिप्शनवाला ड्राइव्ह असेल, तर चिप काढूनही फोटो मिळत नाहीत.