सोसायटीच्या ग्रुपवर चुकून आलेला अक्षरांचा कचरा

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशेच्या वर मेंबर आहेत. कधी कोणाच्या पर्समधून, कधी नातवंडांच्या हातून "hhjjkkk;;lgg" असे दहा-बारा मेसेज एकामागोमाग येतात. आम्ही अ‍ॅडमिन ते काढले तर माणसं दुखावतात, ठेवले तर कामाच्या सूचना वर निघून जातात. काय करावं?

उत्तर:

माणसं का दुखावतात ते आधी बघा. अ‍ॅडमिनने दुसऱ्याचा मेसेज काढला की त्या जागी "This message was deleted by admin" अशी ओळ अ‍ॅडमिनच्या नावासकट उरते आणि ती सगळ्यांना दिसते. ज्याने मूळ मेसेज पाहिलाच नाही त्याला वाटतं, काकूंनी काहीतरी भलतंच टाकलं असणार. त्याच काकूंनी स्वतः मेसेज काढला तर नुसती "This message was deleted" एवढीच ओळ राहते, त्यात कोणी कोणावर कारवाई केल्यासारखं काही नसतं. म्हणून शक्य तिथे मेसेज पाठवणाऱ्याच्याच हातून काढवून घ्या. आणि ध्यानात ठेवा, प्रत्येक काढलेल्या मेसेजची ओळ मागे उरतेच. बारा मेसेज काढून ग्रुप रिकामा होत नाही, कचऱ्याच्या जागी बारा ओळी येतात.

यावरून माझं मत असं की, एक-दोन ओळींचा कचरा असेल तर हात लावू नका. तुमची खरी अडचण सूचना दिसेनाशी होते ही आहे, आणि तिचा उपाय पिन करणं हा आहे. सूचनेवर बोट दाबून धरा, मेनूतून Pin निवडा, मुदत विचारेल तेव्हा २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस यांतली एक घ्या. सूचना चॅटच्या माथ्यावर राहते, खाली कितीही अक्षरं आली तरी. निम्म्या वेळा एवढ्यावरच काम भागतं.

आता मोठी लाट आली तर. समजा, रात्री सव्वानऊला टँकरची सूचना पडली आणि लगेच बी विंगमधल्या एका काकूंच्या नंबरवरून मेसेज सुरू झाले. पाच मिनिटांत चौदा. लाट चालू असताना काही काढू नका, कारण तुम्ही तीन काढेपर्यंत चार नवे येतात. अशा वेळी फोन पर्समध्ये असतो, स्क्रीन चालू राहिलेली असते आणि ग्रुपचा कीबोर्ड उघडा असतो, त्यामुळे तुमचा मेसेज त्यांना दिसणारच नाही. साधा फोन लावा. रिंग वाजली की त्या फोन बाहेर काढतात आणि लाट तिथेच थांबते. फोन उचलला जाऊनही पलीकडून नुसती खुडबुड ऐकू आली, तर घरातल्या दुसऱ्या कोणाला लावा. कोणीच लागलं नाही, तर ग्रुपच्या परवानग्यांमध्ये जाऊन मेसेज पाठवण्याची मुभा दहा मिनिटांपुरती फक्त अ‍ॅडमिनना ठेवा. त्याची सूचना ग्रुपवर दिसते, पण तिच्यात काकूंचं नाव नसतं. नंतर आठवणीने पूर्ववत करा.

हे सगळं एकाच अ‍ॅडमिनने करायचं. अ‍ॅडमिनांचा वेगळा छोटा ग्रुप असेल तर तिथे आधी "मी बघते" एवढं टाका. नाहीतर तिघे जण एकदम फोन करतात आणि काकूंना वाटतं, आपल्या हातून फार मोठं काहीतरी घडलं.

लाट थांबली की खासगीत लिहा. त्यांच्या एखाद्या मेसेजवर बोट दाबून Reply privately निवडलं की कोणत्या मेसेजबद्दल बोलतोय ते त्यांना आपोआप कळतं. मजकूर साधारण असा:

"काकू, पर्समध्ये फोन चालू राहिला बहुतेक, ग्रुपवर थोडी अक्षरं गेली आहेत. काळजी करू नका, सगळ्यांचंच होतं. काढायची असतील तर मेसेजवर बोट दाबून धरा, वरचं डब्याचं चित्र दाबा आणि Delete for everyone निवडा. Delete for me नको. जमलं नाही तर सांगा, मी काढते."

"Delete for me नको" हे वाक्य गाळू नका, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. तो पर्याय दाबला की मेसेज फक्त त्यांच्या फोनवरून जातो. त्यांना वाटतं काम झालं, ग्रुपवर मात्र सगळं तसंच असतं. दाबल्यावर काही सेकंद खाली Undo दिसतं, ते हुकलं की तो मेसेज त्यांच्या हातातून सुटला. मग तुम्हालाच काढावा लागतो. शिवाय पाठवणाऱ्याला सगळ्यांसाठी मेसेज काढायला साधारण दोनच दिवस मिळतात, त्यामुळे "उद्या-परवा बघू" म्हणू नका.

तुम्हालाच काढावं लागलं तर आधी त्यांना सांगा, मग काढा, आणि लगेच ग्रुपवर नाव न घेता एक ओळ टाका: "फोनवरून चुकून गेलेली अक्षरं होती, काढली आहेत. टँकरची सूचना वर पिन केली आहे." यामुळे काय काढलं याबद्दल तर्क चालत नाहीत. कोणी "काकू, ही कोणती भाषा?" म्हणून हसऱ्या इमोजी टाकायला लागलं, तर त्याला ग्रुपवर दटावू नका, त्यालाही खासगीतच सांगा. ग्रुपमधून काढून परत घेणं तर अजिबात नको. अपमान होतोच, वर त्यांच्या प्रायव्हसी सेटिंगमुळे तुम्हाला त्यांना थेट परत घेता येईलच असं नाही, मग लिंक पाठवून विनवण्या करत बसावं लागतं.

काढण्यापूर्वी मजकूर मात्र नीट बघा. मराठी ग्रुपांवर कचऱ्यासारखी दिसणारी एक गोष्ट कचरा नसते. जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली नोटीस कॉपी करून टाकली की ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. `lwpuk` म्हणजे सूचना, `cSBd` म्हणजे बैठक, `lHkk` म्हणजे सभा. ओळखायची खूण अशी: पर्समधल्या अक्षरांत शेजारशेजारच्या कळा असतात आणि एकच अक्षर लांबत जातं. कृतिदेवच्या मजकुरात शब्दांची लांबी नेहमीसारखी असते, मधे जागा सोडलेल्या असतात आणि k हे अक्षर जागोजागी दिसतं, कारण काना तिथे k ने येतो. असा मेसेज काढू नका, पाठवणाऱ्याला त्याची पीडीएफ किंवा नोटिशीचा फोटो टाकायला सांगा.

आणखी एक. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाकडून अर्धवट, विस्कटलेले शब्द येत असतील, म्हणजे कळांचा गोंधळ नसून काहीतरी सांगायचा प्रयत्न दिसत असेल, तर ग्रुपचा विचार सोडा आणि ताबडतोब फोन करा किंवा शेजाऱ्याला दार वाजवायला सांगा. पक्षाघाताच्या झटक्यात किंवा साखर फार उतरल्यावर माणूस असं लिहू शकतो.

एकाच नंबरवरून पुन्हापुन्हा होत असेल तर भेट झाल्यावर दोन गोष्टी करून द्या, अर्थात त्यांना चालणार असेल तरच. स्क्रीन आपोआप बंद व्हायची वेळ तीस सेकंदांवर आणा, आणि फोन आत टाकण्यापूर्वी बाजूचं बटण दाबायची सवय सुचवा. नातवंडाच्या हातात फोन जात असेल तर सोसायटीचा ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकायचा मोह होईल, पण मग त्यांना सूचनाच दिसत नाहीत. त्यापेक्षा अँड्रॉइडवर ॲप पिन करण्याची आणि आयफोनवर Guided Access ची सोय चालू करून दाखवा. मग मूल कार्टूनच्या ॲपमधून सहजासहजी बाहेर पडून व्हॉट्सॲपमध्ये शिरत नाही.